घरी मॉर्फिन सिरप देताना: वेळ, कोठा आणि सवयीची भीती

प्रश्न: माझ्या वडिलांना (वय ६७) जबड्याचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झाले, पण आजार परत आला. नाकातून नळी आहे. डॉक्टरांनी मॉर्फिन सिरप दर चार तासांनी ५ मिली द्यायला सांगितले आहे. बाटलीवर ‘५ मिलीमध्ये १० मिलीग्रॅम’ असे लिहिले आहे. काका म्हणतात, ही अफूच आहे, सवय लागेल. म्हणून आम्ही अगदी सहन होईना झाले की देतो, दिवसातून दोनदा-तीनदा. तरी आता बाबा सारखे घड्याळाकडे बोट दाखवून औषध मागतात. मोठ्या कष्टाने त्यांनी तंबाखू सोडली होती, आता ही नवी सवय लागली का? शिवाय पाच दिवस शौचास झाले नव्हते आणि कालपासून पाण्यासारखे थोडे थोडे होत आहे. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणली आहे. ती देऊ का?

उत्तर: आधी आजचे. ती गोळी देऊ नका.

पाच दिवस काहीच नाही आणि नंतर अचानक थोडे थोडे पाण्यासारखे, हा बहुतेक वेळा जुलाब नसतो. मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णांमध्ये मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की फोनवर नुसता ‘जुलाब’ शब्द ऐकला तरी माझा पहिला प्रश्न ‘त्याआधी किती दिवस झाले नव्हते?’ हाच असतो. गुदाशयाजवळ घट्ट मळाचा गोळा अडकून बसतो. वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत बाहेर येतो आणि घरच्यांना पोट बिघडल्यासारखे वाटते. खऱ्या जुलाबात बरेच पडते. इथे चमचा-दोन चमचे पडते, कधी रुग्णाच्या नकळत चादरीवर लागते, आणि पोट मात्र तट्ट राहते. जुलाब थांबवणाऱ्या बहुतेक गोळ्यांमध्ये लोपेरामाइड असते. ते आतड्यावर मॉर्फिनसारखेच काम करते, म्हणजे आतड्याची हालचाल आणखी मंद करते. जो दरवाजा आधीच अडला आहे, त्याला आपण बाहेरून कडी लावल्यासारखे होते.

मात्र हे मी न तपासता लिहितो आहे. नळीवाटे दिलेले अन्न शिळे किंवा फार दाट असल्यास खरा जुलाबही होऊ शकतो. म्हणून आजच तुमच्या गावातील डॉक्टरांकडून किंवा घरी येणाऱ्या परिचारिकेकडून गुदद्वारातून बोटाने तपासणी करून घ्यावी. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. संकोचामुळे ती टाळली जाते आणि त्यातून पुढचे चार दिवस चुकीचे उपचार होतात. घट्ट गोळा सापडला तर ग्लिसरीनची आणि बिसाकोडिलची सपोझिटरी, म्हणजे औषधाची वडी, गुदद्वारातून ठेवतात. बिसाकोडिलची वडी मळात खुपसून चालत नाही, ती आतड्याच्या भिंतीला टेकली तरच काम करते, आणि घरी ठेवताना नेमकी हीच चूक होते. तासाभरात परिणाम झाला नाही तर एनिमा देतात. अगदीच दगड झाला असेल तर परिचारिकेला बोटाने काढावे लागते. त्याआधी अर्धा-पाऊण तास मॉर्फिनची एक मात्रा डॉक्टरांना विचारून द्यावी, म्हणजे ते सुसह्य होते.

एक अपवाद ध्यानात ठेवा. उलट्या होत असतील, पोट फुगत चालले असेल, कळा लाटेसारख्या येत असतील आणि वायूही सरत नसेल, तर आतडे बंद पडल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी घरी कोणतेही रेचक न देता रुग्णाला रुग्णालयात न्यावे.

आता मुळाकडे येतो. गेली अठरा वर्षे मी जिल्ह्याच्या ठिकाणी पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजारातील वेदना आणि त्रास कमी करण्याचे काम करतो, त्यातले निम्मे रुग्णांच्या घरी जाऊन. या अनुभवावरून मला तुमचे तीन प्रश्न तीन वाटत नाहीत. सवयीच्या भीतीने मात्रा लांबवली गेली. लांबवल्यामुळे वेदना वाढली आणि बाबा औषधाची वाट पाहू लागले. त्या वाट पाहण्याला घरच्यांनी सवय म्हटले. मधल्या काळात कोठ्याकडे कोणी पाहिले नाही, आणि अडकलेल्या मळामुळे होणारी अस्वस्थताही वेदनेच्या खात्यात जमा झाली. हा गुंता घड्याळाच्या बाजूने सोडवायला घेतला तर लवकर सुटतो.

साधे मॉर्फिन सिरप पोटात गेल्यावर वीस ते तीस मिनिटांत गुण येऊ लागतो, तासाभरात त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि सुमारे चार तासांनी तो ओसरतो. ‘दर चार तासांनी’ या सूचनेमागे एवढेच गणित आहे. कर्करोगाची वेदना सतत असते, ती चार तासांची सुट्टी घेत नाही. म्हणून औषधाची रक्तातील पातळी वेदनेच्या रेषेच्या थोडी वर सतत ठेवायची असते, आणि त्यासाठी आधीच्या मात्रेचा असर संपण्यापूर्वी पुढची मात्रा जावी लागते. सहन होईना झाल्यावर दिलेल्या औषधाला आधी गुण यायलाच अर्धा तास लागतो. तोवर वेदना इतकी चढलेली असते की एरवी पुरेशी असणारी मात्रा अपुरी पडते. मग ‘एवढे देऊनही थांबत नाही’ असे म्हणून घरचे आणखी घाबरतात.

आमच्याकडे रुग्णाच्या घरी भिंतीवर एक कागद लावतो: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री दहाची मात्रा अनेक ठिकाणी दुप्पट देतात, म्हणजे मध्यरात्री दोनला रुग्णाला उठवावे लागत नाही. तुमच्या बाबांच्या प्रमाणात बोलायचे तर दिवसा चार वेळा ५ मिली आणि रात्री १० मिली, एकूण ३० मिली, म्हणजे चोवीस तासांत ६० मिलीग्रॅम. पण इथे थोडे थांबा. कागदावर ६० असले तरी बाबांच्या पोटात आजवर दिवसाला २० ते ३० मिलीग्रॅमच गेले आहे. त्यामुळे रात्रीची दुप्पट मात्रा लगेच सुरू करू नये, असे माझे मत आहे. पहिल्या दोन रात्री गजर लावून दोन वाजता नेहमीची ५ मिली द्यावी. झोप, श्वास आणि शुद्ध ठीक राहिली तर तुमच्या डॉक्टरांना विचारून दुप्पट मात्रेकडे जावे. वय जास्त असेल, रुग्ण फार खंगला असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर आम्ही दुप्पट मात्रा टाळतो, कधी दोन मात्रांमधले अंतरच वाढवतो. मॉर्फिनचे शरीरात तयार होणारे घटक लघवीवाटे बाहेर जातात. लघवी कमी झाली की ते साठत जातात आणि कालपर्यंत योग्य असलेली मात्रा आज जास्त ठरते.

याच कारणाने डॉक्टरांना खरे सांगणे फार महत्त्वाचे आहे. पुढच्या भेटीत तुम्ही ‘मॉर्फिन चालू आहे, पण दुखणे थांबत नाही’ एवढेच सांगितलेत, तर ६० मिलीग्रॅम जात आहे असे समजून ते मात्रा वाढवतील. घरी येऊन ती मात्रा वेळेवर दिलीत तर बाबांना एकदम तीन-चार पट औषध जाईल. मात्रा जास्त झाल्याचे मी पाहिलेले प्रसंग बहुधा अशाच अर्धवट माहितीतून घडले आहेत. काय लिहून दिले होते त्यापेक्षा प्रत्यक्षात किती वेळा दिले, तो आकडा सांगा. डॉक्टर रागावतील ही भीती बाळगू नका. रागावले तरी ऐकून घ्या, पण आकडा खरा सांगा.

दुसरी जागा चुकण्याची आहे ती मोजमापाची. मॉर्फिन मिलीग्रॅममध्ये ठरते आणि घरात मिलीमध्ये ओतले जाते. भारतात हे द्रावण अनेकदा रुग्णालयाच्या औषध विभागातच बनवले जाते, त्यामुळे प्रत्येक ठिकाणचे प्रमाण सारखे नसते. माझ्या एका रुग्णाच्या घरी पहिली बाटली १ मिलीत १ मिलीग्रॅमची होती. नातेवाइकांनी दुसऱ्या ठिकाणाहून आणलेली बाटली १ मिलीत २ मिलीग्रॅमची निघाली. औषध तेच, रंग जवळजवळ तोच, म्हणून सुनेने नेहमीप्रमाणे १० मिली दिले आणि आजोबा दिवसभर गुंगीत राहिले. सुदैवाने दुपारी आमची फेरी होती. तेव्हापासून मी नवी बाटली आली की आधी तिचे लेबल मोठ्याने वाचून दाखवायला सांगतो. औषध चहाच्या चमच्याने मोजू नये, कारण घरातले दोन चमचेही सारखे नसतात. सुई न लावलेली ५ किंवा १० मिलीची सिरिंज वापरावी आणि तिच्यावर योग्य रेघेशी पक्क्या शाईने खूण करून ठेवावी. नळीतून देताना आधी थोडे पाणी, मग औषध, मग पुन्हा २० ते ३० मिली पाणी सोडावे. नाही तर औषधाचा काही भाग नळीतच राहतो आणि पुढच्या अन्नाबरोबर अवेळी पोटात जातो. आणखी एक गोष्ट: कधी सिरप मिळाले नाही म्हणून दीर्घ परिणामाची मॉर्फिन गोळी मिळाली, तर ती कुटून नळीत मुळीच घालू नका. बारा तासांचे औषध एकदम सुटते.

वेळेवर देऊनही मधेच वेदना उसळू शकते. जबड्याच्या आजारात ड्रेसिंग बदलताना हे हमखास होते. अशा वेळी जादा मात्रा द्यायची असते. ती साधारण दिवसभराच्या एकूण मॉर्फिनच्या सहाव्या भागाइतकी ठेवतात, म्हणजे बाबांच्या बाबतीत पुन्हा ५ मिलीच. ती लिहून दिली नसेल तर मागून घ्या. जादा मात्रा दिली म्हणून पुढची ठरलेली मात्रा चुकवायची नाही. प्रत्येक जादा मात्रा वहीत वेळेसह लिहायची, कारण पुढचा निर्णय त्या वहीवरच होतो.

हे एका रुग्णावरून सांगतो. पन्नाशीतले शेतकरी, फुप्फुसाचा कर्करोग बरगडीत उतरलेला. त्यांना दर चार तासांनी १० मिलीग्रॅम, म्हणजे दिवसाला ६० मिलीग्रॅम चालू होते. पत्नीने वही अगदी चोख ठेवली होती. सलग दोन दिवस रोज तीन जादा मात्रा लागल्याचे वहीत दिसले. म्हणजे शरीराची खरी गरज ६० अधिक ३०, अशी ९० मिलीग्रॅम होती. ९० ला सहाने भागून आम्ही प्रत्येक वेळची मात्रा १५ मिलीग्रॅम केली, सिरपच्या भाषेत ७.५ मिली, आणि जादा मात्राही तेवढीच ठेवली. दोन दिवसांत ते कुशीवर झोपू लागले. यात अंदाज कुठे नव्हता, बेरीज आणि भागाकार होता. पण तो वेळेवर दिलेल्या मात्रांवरच करता येतो. दिवसातून कधी दोनदा, कधी तीनदा देणाऱ्या घरात हे गणित कुठून सुरू करायचे तेच कळत नाही. या गृहस्थांची पुढची गोष्ट सवयीच्या प्रश्नाशी येईल.

तुमच्या घरात भीती असेल ती झोपेचीही असणार. नियमित मात्रा सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस बाबा बरेच झोपतील. त्यातली काही झोप औषधाची असते, काही अनेक रात्रींची थकबाकी असते. हाक मारल्यावर डोळे उघडतात, हाताने खूण करून उत्तर देतात, पुन्हा झोपतात, असे असेल तर काळजी नाही. हाक मारून, खांदा हलवूनही नीट जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी झाला आहे, असे दिसले तर पुढची मात्रा थांबवून ताबडतोब डॉक्टरांना कळवावे. श्वास मोजताना घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजावे. मॉर्फिनने श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढत जाते, म्हणून नवी मात्रा देण्यापूर्वी रुग्ण जागा होतो का एवढे पाहण्याची सवय ठेवली की धोका बराच आधी दिसतो. हातपाय एकाएकी झटके दिल्यासारखे उडणे, असंबद्ध खुणा किंवा बडबड, हवेत काही वेचल्यासारखे करणे ही औषध साठत असल्याची लक्षणे आहेत. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे मात्र प्रत्येकालाच होते, तेवढ्याने घाबरू नये. झोपेच्या गोळ्या किंवा दारू मॉर्फिनबरोबर घातक ठरतात. घरात कोणी ‘झोप लागावी म्हणून’ परस्पर गोळी देत असेल तर ते बंद करा. मळमळ पहिल्या आठवड्यात होऊ शकते. तिच्यासाठी औषध असते आणि बहुतेकांना ती पुढे राहत नाही.

मळमळ जाते, गुंगी उतरते, पण बद्धकोष्ठता जात नाही. शरीर तिला सरावत नाही. मॉर्फिन जितके दिवस, तितके दिवस रेचक, आणि तेही पहिल्या मात्रेपासून. तुम्हाला ते लिहून दिले गेले नसेल किंवा चिठ्ठीत दुसऱ्या पानावर राहून गेले असेल, दोन्ही मी पाहिले आहे. मॉर्फिन आतड्याची पुढे ढकलण्याची हालचाल मंद करते. मळ आत जास्त वेळ थांबतो, त्यातले पाणी शोषले जाते आणि तो घट्ट होतो. म्हणून उपायालाही दोन अंगे लागतात: एक आतड्याला ढकलणारे औषध आणि एक मळ मऊ ठेवणारे. मळ मऊ ठेवणाऱ्या एकट्या लॅक्टुलोजने पोट फुगते आणि काम अर्धेच होते.

आपल्याकडे कोठ्यासाठी पहिला हात इसबगोलाकडे जातो. इथे तो चालत नाही. इसबगोल पाणी पिऊन फुगते आणि मळाचे आकारमान वाढवते. आतडे ढकलत नसेल आणि पाणी कमी जात असेल तर तोच गोळा अडकतो. नळी असलेल्या रुग्णात तर त्याची खळ होऊन नळीच बंद पडते. एरंडेलाने कळा येतात, तेही टाळावे. गोळी देणेही बाबांच्या बाबतीत अडचणीचे आहे, कारण बिसाकोडिलच्या गोळीवर आतड्यातच विरघळणारे वेष्टन असते आणि ती कुटली की ते जाते. नळीसाठी पातळ औषधेच बरी. आम्ही सहसा लॅक्टुलोज १५ मिली दिवसातून दोनदा आणि रात्री आतड्याला ढकलणाऱ्या सोडियम पिकोसल्फेटचे द्रावण देतो आणि परिणाम पाहून वाढवतो. तुमच्यासाठी नेमके प्रमाण तुमच्या डॉक्टरांनी ठरवावे. पण अडकलेला गोळा निघाल्याशिवाय वरून जोराचे रेचक देऊ नका, नुसत्या कळा वाढतील.

मॉर्फिन वाढले की रेचकही वाढवावे लागते, आणि हे अनुभवी माणसेही विसरतात. रोज शौचास व्हायलाच हवे असा आग्रह नको. एक-दोन दिवसांनी, जोर न लावता, मऊ झाले की पुरे. ‘ते खातच नाहीत तर होणार कुठून?’ असे प्रत्येक घरात म्हणतात. पण आतड्याचे स्वतःचे स्राव आणि झडलेल्या पेशी यांतूनही मळ तयार होतच असतो. वहीत मॉर्फिनच्या वेळांशेजारी शौचाचा एक रकाना आखा. तो तीन दिवस रिकामा राहिला तर चौथ्या दिवसाची वाट न पाहता फोन करा.

आता काकांचे म्हणणे. मॉर्फिन अफूपासूनच निघते, ते नाकारण्यात अर्थ नाही. गाझीपूर आणि नीमच येथे सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया करून ते काढले जाते. ‘अफूची गोळी’ या शब्दाला आपल्या भाषेत चिकटलेला वास काही औषधाच्या बाटलीवर लेबल लावल्याने जात नाही, आणि काकांची भीती म्हणून मला मूर्खपणाची वाटत नाही. फक्त त्यांनी तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या आहेत.

पहिली गोष्ट व्यसन. त्यात माणसाला औषध दुखण्यासाठी नको असते, ते घेतल्यावर येणाऱ्या अवस्थेसाठी हवे असते, आणि घर, पैसा, प्रकृती उद्ध्वस्त होत असतानाही तो त्यामागे धावतो. कर्करोगाच्या वेदनेसाठी मोजून आणि वेळेवर मॉर्फिन घेणाऱ्यांत हे क्वचित घडते. कधीच घडत नाही असे मी म्हणणार नाही. ज्यांना पूर्वी दारूचे किंवा अमली पदार्थांचे व्यसन होते त्यांच्या बाबतीत आम्ही जास्त सावध राहतो, बाटली घरातल्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात देतो आणि कमी दिवसांचे औषध देतो. पण मॉर्फिन नाकारत नाही.

तुमच्या घराने तंबाखूची तलफ जवळून पाहिली आहे, त्यामुळे फरक तुम्हालाच ओळखता येईल. तंबाखू कितीही वेळेवर मिळाली तरी पुढच्या चिमटीची ओढ राहते. वेदनेपायी औषध मागणाऱ्याला पुरेशी मात्रा वेळेवर मिळू लागली की तो मागणे सोडतो. बाबा घड्याळाकडे बोट दाखवतात, कारण औषध कधी मिळेल याचा त्यांना भरवसा नाही, आणि बोलता येत नसल्याने बोट दाखवणे हाच त्यांचा आवाज आहे. तीन-चार दिवस ठरलेल्या सगळ्या वेळांना, रात्रीच्याही, बिनचूक देऊन पाहा. मात्रा पुरेशी असेल तर घड्याळाकडे पाहणे कमी होईल. तसे झाले नाही, तरीही लगेच व्यसनाचा निष्कर्ष काढू नका. मात्रा कमी पडत असेल, किंवा जबड्यातील नस दाबली गेल्याने जळजळ, विजेचा झटका बसल्यासारखी वेदना होत असेल. तिला एकटे मॉर्फिन पुरत नाही, जोडीला दुसरे औषध लागते. वेदना कशा प्रकारची आहे हे बाबांकडून खुणेने किंवा पाटीवर लिहवून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे आजार वाढला की मात्रा वाढवावी लागणे. यालाही लोक सवय म्हणतात. आमच्याकडे अचानक मात्रा वाढवावी लागली की आम्ही आधी आजार कुठे पसरला ते शोधतो, आणि बहुतेकदा उत्तर तिथेच सापडते. ‘आत्ताच मॉर्फिन दिले तर शेवटी काय देणार?’ हा प्रश्नही याच पोटातला. मॉर्फिनला वरची ठराविक सीमा नाही, वेदनेप्रमाणे आणि शरीराला झेपेल तसे ते वाढवता येते. म्हणून शेवटासाठी शिल्लक ठेवण्याची गरज नसते.

तिसरी गोष्ट शरीराच्या सरावाची, आणि तिथे बरगडीच्या दुखण्याच्या त्या शेतकऱ्यांची उरलेली हकीकत येते. त्यांना नंतर बरगडीवर रेडिएशनचा एक डोस मिळाला. दोन-तीन आठवड्यांत दुखणे खूप उतरले आणि तेच ९० मिलीग्रॅम आता त्यांना जास्त होऊ लागले. ते दिवसा पेंगू लागले. वेदना स्वतःच मॉर्फिनच्या गुंगीला आवर घालत असते, ती गेली की गुंगी वर येते. घरचे घाबरले आणि त्यांनी औषध एका दिवसात पूर्ण बंद केले. दुसऱ्या दिवशी त्यांचे नाक वाहू लागले, जांभया, घाम, पोटात कळा, जुलाब, जीव घाबरा. शेजारी म्हणाले, बघा, व्यसन लागले. आम्ही गेलो तेव्हा त्यांना मॉर्फिनची कसलीही ओढ नव्हती. ‘ही बाटली घेऊन जा’ असेच ते म्हणत होते. शरीर सरावले होते, मन नव्हे. आम्ही मात्रा पुन्हा सुरू केली, पण कमी, दर वेळी ५ मिलीग्रॅम. मग दर तीन-चार दिवसांनी थोडी थोडी उतरवत दोन आठवड्यांत ती बंद केली. पुढचे चार महिने त्यांनी पॅरासिटामॉलवर काढले आणि मॉर्फिनचे नावही घेतले नाही. काकांना सांगायची एखादी हकीकत हवी असेल तर ही सांगा.

यातून तुमच्यासाठी एक नियम निघतो: औषध एकाएकी बंद पडू द्यायचे नाही, ना भीतीने, ना बाटली संपल्याने. दुसरे कारण वाटते त्यापेक्षा जास्त वेळा घडते. अमली पदार्थविषयक कायदा १९८५ चा. त्यात २०१४ मध्ये सुधारणा होऊन मॉर्फिनसारखी औषधे मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांकडून रुग्णाला मिळणे सोपे झाले. तरीही कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाही, ज्या संस्थेने दिले तिथेच जावे लागते. हिशेब करून ठेवा. बाबांना दिवसाला ३० मिली ठरलेले आणि दोन जादा मात्रा धरल्या तर आणखी १०, असे ४० मिली लागेल. बाटलीत १६० मिली उरले म्हणजे चार दिवस उरले. त्या रेघेशी बाटलीवर चिकटपट्टी लावा आणि पातळी तिथे आली की त्याच दिवशी फोन करून विचारा, मधे सुट्टी किंवा सण आहे का. जाताना आधीची चिठ्ठी, वही आणि रिकामी बाटली बरोबर न्या. घरात बाटली कुलपात असू द्या. दुसऱ्या कोणाच्या पाठदुखीला त्यातले थेंबभरही देऊ नका, आणि औषधाची गरज संपल्यावर उरलेले मोरीत न ओतता त्याच संस्थेला परत करा.